मेजावरचे मटण किती वेळ चालते?

लग्नसराई तोंडावर आली म्हणजे यजमानांना आणि पाहुण्यांना सारखेच छळणारे काही प्रश्न पुन्हा पुन्हा ऐकू येऊ लागतात. दुपारी चारला शिजलेले मटण रात्री दहाला खाल्ले तर चालते काय? ते झाकून ठेवलेले होते, त्याला वासही आला नव्हता, मग ते बाधले कसे? उरलेला रस्सा सकाळी खळखळून उकळला म्हणजे त्यातला दोष निघून जातो की नाही? या सर्व प्रश्नांच्या मुळाशी एकच जुनी समजूत आहे, ती अशी की अन्न बिघडते ते शिळे झाल्यामुळे, आणि ते बिघडले की नाकाला व जिभेला कळल्यावाचून राहत नाही. वास्तविक ज्या मटणाने लोक आजारी पडतात ते पुष्कळदा त्याच दिवशी शिजलेले, चवीला उत्तम आणि वासाला निर्दोष असते. दोष असतो तो त्याने शिजल्यानंतर आणि ताटात येण्यापूर्वी कोणत्या उष्णतेत किती वेळ काढला, यात.

आपल्याकडे बहुतेक घरांतून लग्नाच्या दिवशीचे जेवण शाकाहारी असते आणि मटणाचा बेत हळदीला किंवा लग्नानंतरच्या स्वागतसमारंभाला होतो. हळदीच्या पंगतीत मटण पातेल्यातून थेट ताटात येते, म्हणून तेथे धोका तुलनेने थोडा. स्वागतसमारंभात मात्र ते मेजावर मांडून ठेवावे लागते आणि पाहुणे तीन-चार तास येत राहतात. म्हणून या लेखात मुख्यतः त्याचाच विचार केला आहे.

धोक्याचा पट्टा म्हणजे काय

अन्नातील जंतू ५ अंश सेल्सियसच्या खाली फारच मंद वाढतात आणि ६० अंशांच्या वर त्यांना वाढता येत नाही. या दोन आकड्यांच्या मधला जो प्रदेश, त्याला तापमानाचा धोक्याचा पट्टा म्हणतात. निरनिराळ्या देशांच्या नियमांत हे आकडे थोडे इकडेतिकडे होतात, ब्रिटनमध्ये गरम अन्नासाठी ६३ अंशांची मर्यादा आहे, अमेरिकेत खालची हद्द ४ अंशांच्या आसपास धरतात. पण आपल्या कामाला ५ ते ६० हे आकडे पुरेसे आहेत. गरम मटण मेजावर ठेवताना ६५ अंशांचे लक्ष्य ठेवावे, म्हणजे मधूनमधून झाकण उघडल्यामुळे होणारी घट त्यात सामावून जाते. 

येथे वाचकांच्या मनात साहजिकच शंका येईल, की जे मटण तासभर रटरटा शिजले त्यात जंतू उरलेच कोठून? उत्तर असे की काही जंतू शिजताना मरतात, पण काही जंतू बीजाणूंच्या रूपाने, म्हणजे कठीण कवच पांघरून, उकळीतूनही सुखरूप बाहेर पडतात. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स नावाचा जंतू हा त्यातला मटणाशी विशेष सलगी असलेला. तो प्राण्यांच्या आतड्यांत असतो, त्याला प्राणवायू सोसत नाही, आणि मोठ्या पातेल्यातील उकळलेल्या रश्श्यातून प्राणवायू निघून गेलेला असल्यामुळे तेथे त्याची आयतीच सोय होते. रस्सा निवू लागला की बीजाणूंची कवचे फुटतात आणि जंतू वाढू लागतो. बेटी हॉब्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटनमध्ये १९५३ साली या जंतूच्या विषबाधांचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यातही आधी शिजवून सावकाश निवू दिलेले आणि काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी वाढलेले मांस हेच कारण पुनःपुन्हा आढळले होते.

हा जंतू सर्वांत वेगाने वाढतो तो ४३ ते ४७ अंशांच्या दरम्यान. अनुकूल स्थितीत दर दहा मिनिटांनी, कधी त्याहूनही लवकर, त्याची संख्या दुप्पट होते. दहा मिनिटांचाच हिशेब धरला तरी दोन तासांत एकाचे ४,०९६ आणि चार तासांत एक कोटी सदुसष्ट लाखांवर जंतू होतात. बीजाणू जागे होण्यात सुरुवातीचा काही वेळ जातो आणि सर्व पातेले एकाच वेळी या उष्णतेत नसते, म्हणून प्रत्यक्षात आकडा याहून कमी भरतो. परंतु दोन तास आणि चार तास यांत केवळ दुपटीचा फरक नसून हजारोपटींचा असतो, एवढे यावरून ध्यानात यावे.

आता ४५ अंश म्हणजे व्यवहारात किती? ज्या मटणात बोट घातले असता चटका बसत नाही, पण "छान गरम आहे" असे वाटते, जे तोंडात घालताना फुंकर मारावी लागत नाही, ते मटण साधारण याच उष्णतेचे असते. म्हणून "गरमच तर आहे" या आश्वासनावर विसंबू नये. कोमट मटण थंड मटणाहून अधिक धोक्याचे, हे मानायला मन तयार होत नाही. पण या विषयातली मुख्य गोष्ट तीच आहे.

मुदत किती, आणि ती केव्हापासून मोजावी

मटण ६० अंशांच्या वर आहे तोवर घड्याळ बंद असते. तेथे मुदतीचा प्रश्न नाही. फार वेळ ठेवले तर मटण गळून जाईल, रस्सा आटेल, परंतु ते बाधणार नाही. ज्या क्षणी ते ६० च्या खाली उतरते त्या क्षणी घड्याळ सुरू होते, आणि मग पुढील मर्यादा लागू होतात:

- हवा ३२ अंशांपर्यंत असेल तर दोन तास. दोन तासांच्या आत ते खाऊन संपवावे, किंवा शीतकपाटात तरी जावे.
- हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. नागपूर, अकोला, चंद्रपूर या बाजूला मे महिन्यात सूर्यास्तानंतरही हवा ३२ च्या खाली येत नाही; तेथील यजमानांनी दोन तासांचा नियम विसरूनच जावा. कोल्हापूर-साताऱ्याकडे संध्याकाळ सौम्य असते हे खरे, पण पत्र्याच्या छपराखाली आठ-दहा बर्नरांच्या रांगेशेजारी हवा ३२ च्या वर असणे मुळीच नवल नाही.
- चार तास झाले की फेकून देणे. ऑस्ट्रेलियात दोन ते चार तासांच्या दरम्यानचे अन्न ताबडतोब खाण्यास मुभा आहे, मात्र ते परत शीतकपाटात ठेवता येत नाही. वेळेची काटेकोर नोंद ठेवणाऱ्या स्वयंपाकघरासाठी ही मुभा ठीक आहे. ज्या मांडवात कोणते पातेले केव्हा उतरवले हे कोणाला सांगता येत नाही, तेथे ती घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे.

ही मुदत एकंदर मोजावयाची असते. टेंपोत गेलेला अर्धा तास, मेजावरचा एक तास आणि समारंभानंतर आवराआवरीत गेलेला पाऊण तास मिळून सव्वादोन तास होतात. मटण जागा बदलते म्हणून घड्याळ नव्याने सुरू होत नाही.

एका समारंभाचा हिशेब

उदाहरण म्हणून कोल्हापूरकडचा एक स्वागतसमारंभ घेऊ. वेळ संध्याकाळी सात ते अकरा, पाने पाचशे, बेत सुक्के मटण, तांबडा रस्सा, पांढरा रस्सा, भाकरी आणि भात. केटररचे स्वयंपाकघर गावाबाहेर आहे. मटण चार वाजता शिजून तयार होते, साडेचारला पातेली टेंपोत चढतात, साडेपाचला कार्यालयात उतरतात आणि पावणेसातपर्यंत झाकलेल्या स्थितीत मागच्या पडवीत राहतात.

येथवर फारसे काही बिघडलेले नसते. शंभर लिटरांचे भरलेले, घट्ट झाकलेले पातेले अतिशय सावकाश निवते आणि तीन तासांनंतरही त्यातला रस्सा ६० च्या बराच वर असू शकतो. खरे संकट पुढे, पातेल्यातून चेफिंग डिशमध्ये मटण ओतताना सुरू होते. थंड पोलादी ट्रे, त्याखाली नळाचे थंड पाणी, पाण्याखाली नुकताच पेटवलेला जेलचा डबा, आणि दोन-तीन इंच थराचे सुक्के मटण. शिवाय पाहुण्यांना पदार्थ दिसावा म्हणून उघडे ठेवलेले झाकण आणि डोक्यावर फिरणारा पंखा. पातेल्यात ७५ अंशांवर असलेले मटण अशा ट्रेमध्ये थोड्याच वेळात पन्नाशीला येते. समजा, साडेसातला ते ६० च्या खाली गेले. म्हणजे घड्याळ चारला नव्हे, साडेसातला सुरू झाले, आणि साडेनऊला त्याची मुदत संपली.

आता ट्रे रिकामा कधीच होत नाही, हे लक्षात घ्या. साडेआठला ट्रे निम्मा होतो, वाढपी पातेल्यातून दोन ओगराळी नवे मटण आणून जुन्यावर ओततो. साडेनऊला पुन्हा तेच. दहाला आलेल्या पाहुण्याच्या ताटात जे पडते त्यात काही तुकडे अर्ध्या तासापूर्वीचे आणि काही, विशेषतः ट्रेच्या कोपऱ्यांतले, अडीच तास कोमट राहिलेले असतात. नव्या मटणाने जुने गरम झाले असे वाटते. प्रत्यक्षात दोन्ही मिळून बरोबर त्या धोक्याच्या मधल्या उष्णतेवर येऊन थांबतात, आणि जुन्यातले जंतू नव्यात जातात ते वेगळेच.

पांढऱ्या रश्श्याची कथा आणखी निराळी. नारळाचे दूध फुटू नये म्हणून आचारी त्याला उकळी येऊ देत नाही आणि मेजावर त्याखालची ज्योत तर अगदीच बारीक करून ठेवतो, कित्येकदा विझवूनही टाकतो. ही भीती अवास्तव आहे. नारळाचे दूध फुटते ते खळखळत्या उकळीने. ६५ ते ७० अंशांवर, मधूनमधून पळी फिरवत ठेवलेला पांढरा रस्सा फुटत नाही. तांबड्या रश्श्याच्या बाबतीत वाफेवरून अंदाज बांधू नये, कारण वरच्या तर्रीखाली वाफ कोंडली जाते. रस्सा चांगला गरम असूनही वाफ दिसत नाही आणि पळीने ढवळताच क्षणभर दिसली तर त्यावरूनही तो पुरेसा गरम आहे असे ठरत नाही.

गरम ठेवण्याची तजवीज

या कामाला अवश्य असे एकच उपकरण, ते म्हणजे अन्नात खुपसण्याचा सळईचा थर्मामीटर. तो थोड्या किमतीत मिळतो. वापरण्यापूर्वी त्याची खातरजमा करावी: पेलाभर बर्फ आणि त्यात थोडे पाणी घालून सळई बुडवली असता त्याने शून्याच्या आसपास आकडा दाखवला पाहिजे. मोजताना सळईचे टोक पदार्थाच्या मध्यभागी असावे, भांड्याच्या तळाला टेकू नये. आणि प्रत्येक पदार्थानंतर ती स्वच्छ पुसावी.

मेजावरची व्यवस्था अशी लावावी:

1. चेफिंग डिशमध्ये खाली उकळते पाणी ओतून ज्योत पेटवावी आणि दहा-पंधरा मिनिटे झाकून डिश तापू द्यावी. मगच मटण ओतावे. चेफिंग डिश गरम अन्न गरम ठेवू शकते, निवलेले गरम करू शकत नाही.
2. ट्रे अर्धाच भरावा आणि साधारण अर्ध्या-पाऊण तासात संपेल एवढेच मटण त्यात असावे. संपल्यावर ट्रेच बदलावा. जुन्यावर नवे कदापि ओतू नये.
3. झाकण लावलेलेच असावे. वाढपी उभा करून पाहुण्यांना वाढण्याची पद्धत ठेवली तर झाकणही सांभाळले जाते आणि एकच पळी अनेक हातांत फिरत नाही.
4. मागच्या बाजूची पातेली मंद गॅसवर असावीत. समारंभ संपेपर्यंत गॅस बंद करू नये.
5. दर अर्ध्या तासाने प्रत्येक मांसाहारी पदार्थाची उष्णता मोजून वेळेसह कागदावर लिहावी. हे काम वधूपित्याने अंगावर घेऊ नये. घरातला एखादा शांत डोक्याचा मामा किंवा मावसभाऊ यासाठी नेमावा आणि त्याला पाहुण्यांच्या स्वागतातून मोकळे ठेवावे.

उष्णता ६० च्या खाली आढळली आणि दोन तास उलटले नसतील, तर तो ट्रे परत आत न्यावा, मटण पातेल्यात गॅसवर चढवून मध्यभागी ७५ अंश होऊन दोन मिनिटे जाईपर्यंत तापवावे आणि मग पुन्हा मेजावर आणावे. वरून उकळते पाणी ओतणे किंवा ट्रेखालची ज्योत मोठी करणे याला तापवणे म्हणत नाहीत. हा उपायही एकदाच करावा. दुसऱ्यांदा उष्णता उतरली तर ते मटण बाजूला काढावे.

पाहुण्यांच्या हाती थर्मामीटर नसतो, तरी त्यांना पाहता येण्याजोगी एक खूण आहे. मटणाची चरबी साधारण पन्नास अंशांच्या खाली गेल्याशिवाय थिजत नाही. ट्रेच्या कडेला किंवा सुक्क्या मटणाच्या तुकड्यांवर पांढुरका, मेणासारखा थर धरलेला दिसला, तर ते मटण धोक्याच्या पट्ट्यात शिरले आहे, असे समजावे आणि भाकरीबरोबर पिठले घ्यावे. आग्रहाला बळी पडू नये. यजमानाची समजूत दुसऱ्या दिवशीही घालता येते.

केटररशी करार करताना

बहुतेक यजमान पानाचा दर, पदार्थांची संख्या आणि आइस्क्रीमचा प्रकार यांवर तास घालवतात, इसार देतात आणि उठतात. करारनाम्यात पुढील तपशील लेखी असावेत, असा आग्रह धरा:

- केटररच्या अन्न परवान्याचा १४ अंकी क्रमांक. धार्मिक किंवा सामाजिक कार्यात अन्न वाटणाऱ्या किरकोळ व्यक्तींना कायद्यात जी सवलत आहे ती केटररला लागू होत नाही.
- मटण किती वाजता शिजून तयार होणार आणि कार्यालयात किती वाजता पोहोचणार. शिजणे आणि वाढणे यांत तीन-चार तासांहून अधिक अंतर पडत असेल, तर कार्यालयाच्या आवारातच भट्टी लावावी.
- आणतानाही मटण ६५ अंशांच्या वर राहील अशी बंद, उष्णतारोधक भांडी.
- मेजावरचा प्रत्येक मांसाहारी पदार्थ ६५ अंशांवर ठेवण्याची हमी, आणि यजमानाच्या माणसाला मोजमाप करण्याची मुभा.
- दोन तास कोमट राहिलेले मटण केटररने बिनतक्रार काढून टाकावे, आणि त्यामुळे कमी पडले तर त्याची भरपाई कशी, याचे कलम.

आदल्या दिवशी मटण शिजवून ठेवण्याचा प्रस्ताव आला तर तो नाकारावा. शिजलेले मांस थंड करून ठेवायचे तर ते ६० वरून २१ अंशांवर दोन तासांत आणि तेथून ५ अंशांवर आणखी दोन तासांत आले पाहिजे, असा नियम आहे. दोन इंच थराच्या उथळ ट्रेमध्ये आणि मोठ्या शीतगृहात हे साधते. पातेले झाकून रात्रभर ठेवण्याने कदापि साधत नाही, कारण जे पातेले दुपारी उष्णता धरून ठेवते म्हणून आपल्या सोयीचे असते, तेच रात्री मध्यभागी तासन्‌तास कोमट राहून घातक ठरते.

उरलेल्या मटणाचे काय करावे

आता पुन्हा आपल्या उदाहरणाकडे वळू. साडेनऊला "आता पुरते" म्हणून आचाऱ्याने तांबड्या रश्श्याचे शेवटचे पातेले गॅसवरून उतरवले, त्यात चाळीस लिटर रस्सा राहिला, मंडळी दमून झोपली, आणि सकाळी आठला तो गरम करून परगावच्या नातलगांना वाढला. हा रस्सा रात्रभर ६० वरून हळूहळू खाली उतरत होता आणि त्यातले कित्येक तास जंतूंच्या आवडत्या उष्णतेतच गेले. सकाळी तो वरवर गरम केला असेल, तर संध्याकाळी किंवा रात्री निम्म्या घराच्या पोटात कळा येतील.

मग खळखळून उकळला असता तर? या एका जंतूपुरते म्हणाल तर खूपसा धोका टळला असता, कारण त्याचे विष बहुतांशी पोटात गेल्यावर तयार होते आणि उकळीने जंतूच मरतात. परंतु वाढप्याच्या किंवा मटण सोलणाऱ्याच्या हातांवरून, नाकातून, हातावरच्या फोडातून येणारा स्टॅफिलोकॉकस हा जंतू अन्नातच विष निर्माण करून ठेवतो, आणि ते विष उकळण्याने नष्ट होत नाही. बिर्याणीच्या किंवा मटणाबरोबरच्या भाताच्या बाबतीत बॅसिलस सिरियस हा जंतूही असेच विष मागे ठेवतो. पातेल्यात यांपैकी कोण होते हे कोणीच सांगू शकत नाही, म्हणून उकळीवर भरवसा ठेवू नये.

सारांश, ठेवण्याजोगे मटण एकच: जे शेवटपर्यंत गॅसवर, ६० च्या वर होते आणि कधी मेजावर गेले नाही. ते उतरवल्यावर लगेच उथळ भांड्यांत वाटून, भांडी बर्फाच्या पाण्यात ठेवून निववावे आणि दोन तासांच्या आत शीतकपाटात ठेवावे. घरच्या शीतकपाटात अशी चार-पाच भांडीच मावतात, तेवढीच ठेवावीत. मेजावरच्या ट्रेतले उरलेले मटण डब्यांत भरून नातलगांना देऊ नये, आणि मध्यरात्री एखाद्या आश्रमाला पाठवून पुण्य जोडण्याचा मोहही टाळावा. जे आपल्या मुलांना सकाळी वाढणार नाही ते परक्या मुलांना का पाठवावे?

बाधा झालीच तर

लक्षणे केव्हा सुरू झाली यावरून पुष्कळ उलगडा होतो. जेवणानंतर एक ते सहा तासांत जोराच्या उलट्या सुरू झाल्या तर अन्नात आधीच तयार असलेल्या विषाचा संशय घ्यावा. आठ ते सोळा तासांनी पोटात कळा आणि जुलाब, पण उलट्या-ताप नसल्यासारखाच, असे असेल तर कोमट राहिलेल्या मटणाचा. दुसऱ्या प्रकारची बाधा बहुधा एका दिवसात ओसरते. क्षारसंजीवनीचे पाकीट त्यावर लिहिलेल्या प्रमाणाप्रमाणे पाण्यात मिसळून घोट घोट द्यावे. शौचात रक्त, मोठा ताप, लघवी होणे थांबणे किंवा गुंगी यांपैकी काहीही दिसले, किंवा आजारी व्यक्ती लहान मूल, वृद्ध वा गर्भवती असेल, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता दवाखाना गाठावा.

यजमानांनी आणि पाहुण्यांनी आपले हक्कही जाणून घ्यावेत. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ याच्या कलम ६५ प्रमाणे असुरक्षित अन्नामुळे मृत्यू ओढवल्यास किमान पाच लाख रुपये, गंभीर इजा झाल्यास तीन लाखांपर्यंत आणि इतर इजेसाठी एक लाखापर्यंत भरपाई देण्याची तरतूद आहे. याखेरीज केटररच्या सेवेतील त्रुटीबद्दल ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. मात्र त्यासाठी पावती आणि करारनामा लागतो, म्हणून "बिल कशाला, घरचेच आहोत" या गोड बोलण्याला भुलू नये.

तक्रार करायची तर त्याच दिवशी करावी. महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासनाचा विनाशुल्क दूरध्वनी १८००-२२२-३६५ हा आहे. कोणी काय खाल्ले, किती वाजता खाल्ले आणि कोणाला केव्हा काय झाले, याची यादी आठवण ताजी असतानाच करावी. त्यात आजारी न पडलेल्यांचीही नावे घालावीत, कारण दोष कोणत्या पदार्थात होता हे दोन्ही याद्या ताडून पाहिल्यावरच कळते. त्या यादीबरोबर अर्ध्या-अर्ध्या तासाच्या मोजमापाचा कागद जोडावा. संशयित मटणाचा वाटीभर नमुना स्वच्छ, घट्ट झाकणाच्या डब्यात भरून शीतकपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवावा आणि अधिकाऱ्याच्या हवाली करावा. तो बर्फाच्या कप्प्यात मात्र ठेवू नये; गोठवल्याने परफ्रिंजेन्सचे पुष्कळसे जंतू मरतात आणि प्रयोगशाळेला नमुन्यात ते सापडणे अवघड होते.